मदत हवी आहे: १५ सप्टेंबरला अ‍ॅडव्हान्स टॅक्स नेमका किती भरू?

लेखणीवाली (१२ सप्टेंबर २०२५)
मंडळी, घाईत लिहितेय. सोमवारी शेवटची तारीख आहे. या वर्षी फ्रीलान्सिंगचे साधारण २२ लाख येतील असं दिसतंय. १५, ४५, ७५, १०० हे टक्के सगळीकडे वाचले, पण कशाचे टक्के ते कुणी धड सांगत नाही. २२ लाखांचे ४५ टक्के म्हणजे जवळपास दहा लाख, ते कुठून आणू? जूनमध्ये काही भरलेलं नाही. "सीएला विचारा" हे उत्तर कृपया देऊ नका. यंदा रिटर्नची तारीखही १५ सप्टेंबरच असल्याने माझे सीए फोन उचलत नाहीयेत.

टग्या
ताई, कशाला घाबरताय? आयकराचं ४४ एडीए कलम लावा. निम्मं उत्पन्न धरायचं, म्हणजे ११ लाख. नव्या पद्धतीत यंदा १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. हप्ते वगैरे काही नाही, वर कापलेला टीडीएस परत. मी दरवर्षी ४४ एडीएच लावतो.

आकडेमोड
टग्या, ताई काम काय करतात ते त्यांनी लिहिलेलंच नाही. त्याशिवाय ४४ एडीएचं नाव कसं काढता?
लेखणीवाली, चार गोष्टी सांगा: काम कोणतं, खर्च किती, टीडीएस किती कापला जातो आणि जुनी पद्धत की नवी. त्याशिवाय आकडा निघणार नाही.

नाना_निवृत्त
मी ६८ वर्षांचा. मला अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागत नाही असं बँकेतल्या मुलाने सांगितलं, आणि ते खरं निघालं. तुम्हीही एकदा बँकेत विचारून बघा.

आकडेमोड
नाना, साठीपुढच्यांना ही सूट धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. तुमचं पेन्शन आणि ठेवींचं व्याज, म्हणून चाललं. ताईंचं प्रकरण वेगळं आहे.

लेखणीवाली
अरे हो, सांगायचं राहिलंच. भाषांतर आणि सबटायटल्स करते. लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअर, इंटरनेट, दोन सहकाऱ्यांना दिलेले पैसे धरून वर्षाचा खर्च ४ लाख. २२ पैकी ८ लाख इथल्या दोन कंपन्यांकडून, त्या १० टक्के कापून देतात. बाकी १४ लाख परदेशी गिऱ्हाइकांचे, तिथे काही कापत नाहीत. नवी पद्धत.

आकडेमोड
आता जमेल. टक्के जमा रकमेचे नाहीत. वर्षाच्या अंदाजी करातून टीडीएस वजा केल्यावर जो उरतो, त्याचे.

२२ मधून ४ गेले, करपात्र १८ लाख. पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट तुम्हाला नाही. पहिले ४ लाख मोकळे, ४ ते ८ वर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,०००, १२ ते १६ वर १५ टक्क्यांनी ६०,०००, वरच्या २ लाखांवर २० टक्क्यांनी ४०,०००. एकूण १,६०,०००. त्यावर ४ टक्के सेस ६,४००, म्हणजे १,६६,४००. यातून टीडीएस ८०,००० वजा. उरले ८६,४००. दहा हजारांच्या वर आहे, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतोच.

टक्के चढत जातात, दर वेळी नव्याने लागत नाहीत. १५ जूनपर्यंत एकूण १२,९६०, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ३८,८८०, १५ डिसेंबरपर्यंत ६४,८००, १५ मार्चपर्यंत पूर्ण ८६,४००. जूनचं राहिलंय म्हणून सोमवारी अख्खे ३८,८८० भरा. मग डिसेंबरला २५,९२० आणि मार्चला २१,६००.

जून चुकल्याचं व्याज महिना १ टक्का, तीन महिन्यांचं. शंभराखालची रक्कम सोडून १२,९०० वर ३८७ रुपये. ते आता भरायचं नाही, रिटर्न भरताना हिशेबात येतं.

टीडीएसबद्दल एक जपा. कंपनीने प्रत्यक्ष कापला असेल तोच वजा होतो. "कापायला हवा होता, पण पूर्ण पैसे आले" अशी रक्कम वजा धरलीत तर हप्ता कमी पडेल. २६ एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडून बघा, आतापर्यंतच्या बिलांचा टीडीएस दिसतोय का.

टग्या
एवढा घोळ घालण्यापेक्षा ४४ एडीए सोपं नाही का? आणि त्या यादीत संवादलेखक आहेत, मी वाचलंय. सबटायटल म्हणजे संवादच की.

आकडेमोड
यादीत कथा, पटकथा, संवाद लिहिणारे आहेत, ते चित्रपट कलाकार म्हणून. दुसऱ्याच्या संवादाचं भाषांतर त्यात येतं असं मी तरी म्हणणार नाही. आणि १४ लाखांचं काम कागदपत्रांचं भाषांतर असेल तर बोलणंच खुंटलं. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, माहिती तंत्रज्ञानवाले वगैरे ठरावीक धंदे आहेत. तुमचं काम त्यात बसतं म्हणून तुम्हाला एकदम १५ मार्चला सगळं भरलं तरी चालतं. तुमचा नियम ताईंना लावू नका.

मधुमालती
मग ४४ एडी? भाषांतर ठरावीक यादीत नाही, म्हणजे तो धंदाच झाला. डिजिटल जमेवर ६ टक्के नफा दाखवायचा, विषय संपला. माझी मैत्रीण हेच करते.

आकडेमोड
हा वाद मी मिटवू शकत नाही. कुशलतेचं काम धंदा की व्यवसाय यावर मतं आहेत. पण ६ टक्के हा किमान आकडा आहे. खरा नफा २२ मध्ये १८ असताना १ लाख ३२ हजार दाखवणं मला पटत नाही. मैत्रिणीने नोटीस आल्यावर काय उत्तर द्यायचं ते ठरवलंय का?

मधुमालती
तिला अजून नोटीस आलेली नाही.

सह्याद्री_एक्सपोर्ट
परदेशातून १४ लाख म्हणताय. कर न भरता निर्यात करण्याचं जीएसटीचं हमीपत्र, एलयूटी, भरलंय का? २० लाखांची मर्यादा ओलांडताय. आधी ते बघा!

लेखणीवाली
जीएसटीचं वेगळं बघते, ते विचारलेलं नाही. एक शंका. नोव्हेंबरमध्ये परदेशी गिऱ्हाइकाचं ३ लाखांचं मोठं काम येऊ शकतं. ते आत्ता धरायचं का?

टग्या
नाही. उशिरा आलेल्या उत्पन्नावर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही.

आकडेमोड
ती सवलत भांडवली नफा, लाभांश, आणि पहिल्यांदाच सुरू झालेला धंदा यांना. चालू धंद्यात काम वाढलं तर मिळत नाही. काम आलं तर नफा २१ लाख, सेससकट कर २,३४,०००, टीडीएस जाऊन १,५४,०००. डिसेंबरला त्याचे ७५ टक्के म्हणजे १,१५,५०० पूर्ण व्हायला हवेत. ३८,८८० भरलेले असतील, म्हणून तेव्हा ७६,६२० भरा. सप्टेंबरचा हप्ता नंतर कमी ठरून त्याचं तीन महिन्यांचं व्याज ९१२ रुपये लागेल आणि जूनचंही थोडं वाढेल. खात्री नसलेल्या कामासाठी आत्ता तीस हजार अडकवायचे की नाही, तुम्ही ठरवा. मी नसते अडकवले.

लेखणीवाली
नाही अडकवत. पोर्टलवर e-Pay Tax उघडलंय. Advance Tax (100) निवडायचं ना? आणि वर्ष?

आकडेमोड
Advance Tax (100) बरोबर. Self-Assessment Tax (300) नको. Assessment Year 2026-27 निवडा. बरेच जण चालू आर्थिक वर्ष पाहून 2025-26 टाकतात आणि पैसे मागच्या वर्षात जातात. चलनाची पावती जपून ठेवा, तिचा बीएसआर कोड रिटर्नमध्ये लागतो.

लेखणीवाली
३८,८८० भरले. नेट बँकिंगने, लगेच पावती आली. धन्यवाद आकडेमोड. मधुमालती, मैत्रिणीचं काय झालं ते कळवा.

सह्याद्री_एक्सपोर्ट
एलयूटीचं काय ठरलं?