मदत हवी आहे : जुना राउटर पुन्हा रीसेट करावा की बदलावा?

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या घरी फायबरच्या ओएनटीला २०१५ साली घेतलेला राउटर जोडलेला आहे. दुपारी उकाडा वाढला की नेट अडकते, राउटर बंद ठेवून थंड होऊ दिला की चालू होते, आणि फॅक्टरी रीसेट करून सर्व सेटिंग्ज नव्याने भरल्या तरी तोच प्रकार पुन्हा घडतो. दोष लाइनचा की राउटरचा हे कळावे म्हणून लॅपटॉप वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडून ही आज्ञा चालू ठेवली:

```
ping -t 192.168.1.1
```

हा राउटरचा स्वतःचा पत्ता आहे आणि नेट अडकताच त्याच्याकडूनही उत्तर येणे थांबते. त्याच वेळी केबल थेट ओएनटीला लावली तर मात्र नेट सुरळीत चालते. त्यामुळे लाइनवर संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही.

शंका उरते ती अडॅप्टरची. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे छापले आहे आणि पिन मोकळी असताना मल्टीमीटर १२ व्होल्टच दाखवतो; परंतु आतील कपॅसिटर झिजलेले असल्यास व्होल्टेज भार पडल्यावरच खाली येते, म्हणून या मोजणीवर मी विसंबत नाही. राउटरचे दिवे अडकलेल्या अवस्थेतही लागलेलेच असतात, तो आपोआप रीस्टार्ट होत नाही.

अशा लक्षणांत त्याच क्षमतेचा नवा अडॅप्टर लावून पाहणे योग्य ठरेल का? की उत्पादकाने या मॉडेलचे सुरक्षा अपडेट बंद केलेले असल्याने, तो दुरुस्त झाला तरी बदलणेच इष्ट? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.