घड्याळ रिसेट करण्यापूर्वी : ए-बी विंग ग्रुपवरील चर्चा

देशपांडे काका (बी-४०२), शनिवार, सकाळी ९.१०
सर्वांना नमस्कार. माझे अ‍ॅपल वॉच गेले काही दिवस मध्येच गोठते आणि बटण दाबले तरी बराच वेळ प्रतिसाद देत नाही, म्हणून ते पूर्ण पुसून नव्याने सुरू करावे असे मी ठरवले आहे. घड्याळाच्याच सेटिंग्जमध्ये मला `Erase All Content and Settings` हा पर्याय दिसतो. तो दाबल्यावर माझे गजर, घड्याळाच्या तबकड्या आणि अ‍ॅपची मांडणी परत मिळेल का? औषधांचे चार गजर त्यातच आहेत, त्यामुळे विचारून घेतो.

सायली (ए-२०३), सकाळी ९.२४
काका, कृपया तो पर्याय आत्ता दाबू नका. घड्याळावरून थेट पुसले तर ते त्या क्षणी नवा बॅकअप घेत नाही, आधी फोनमध्ये जो बॅकअप साठलेला असेल तोच आपल्या हाती राहतो. याउलट आयफोनवरच्या वॉच अ‍ॅपमधून जोडणी तोडली, तर फोन आधी घड्याळाचा ताजा बॅकअप स्वतःकडे घेतो आणि मगच घड्याळ पुसतो. बॅकअप घेण्याचे वेगळे बटण कुठेही नाही, जोडणी तोडण्याची ही क्रियाच ते काम करते.

वॉच अ‍ॅपमध्ये `All Watches` उघडा, आपल्या घड्याळापुढच्या वर्तुळातल्या i ला स्पर्श करा आणि `Unpair Apple Watch` निवडा. त्या वेळी अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड विचारला जातो, कारण चोरीपासून संरक्षण करणारे कुलूप त्याशिवाय उघडत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर आधी तो मिळवा. घड्याळावर सेल्युलर प्लॅन असेल तर तो ठेवायचा की काढायचा असेही विचारतील. आपण तेच घड्याळ त्याच फोनला पुन्हा जोडणार आहात, म्हणून ठेवायचा.

देशपांडे काका (बी-४०२), सकाळी ९.४१
पासवर्ड माझ्या वहीत आहे. पण आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गुरुवारपासून तबकडीच्या वरच्या बाजूला फोनचे लाल चिन्ह दिसत आहे. त्याचा या कामाशी काही संबंध आहे का?

सायली (ए-२०३), सकाळी ९.५८
फार जवळचा संबंध आहे, आणि बरे झाले की आपण आताच सांगितले. लाल चिन्हाचा अर्थ घड्याळ फोनशी जोडलेले नाही असा होतो. बॅकअप फोनमध्ये आपोआप साठत असतो, पण तो जोडणी असेपर्यंतच. जोडणी तुटलेली असताना `Unpair` केले तरी फोनला घड्याळातला नवा मजकूर वाचता येत नाही, आणि मागे राहतो तो जोडणी शाबूत असतानाचा बॅकअप.

आमच्या घरी हेच घडले होते. बाबांचे घड्याळ नऊ दिवस फोनपासून तुटलेले होते, आणि त्या नऊ दिवसांत डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलल्यामुळे त्यांनी घड्याळावरच दुपारी २ आणि रात्री ९.३० असे दोन नवे गजर लावले होते. मी घाईने घड्याळ पुसले. जोडणी पुन्हा केल्यावर जुने गजर, तबकड्या, सगळे जागेवर आले, म्हणून काम नीट झाले असे मी समजले. ते दोन गजर मात्र आले नव्हते, आणि हे आम्हाला कळले ते दुपारची गोळी चुकल्यावर. बॅकअप बिघडलेला नव्हता, तो फक्त नऊ दिवस जुना होता.

शिंदे वहिनी (ए-५०१), सकाळी १०.१२
मग काकांनी आधी काय करावे? आणि बॅकअपवर पूर्ण विसंबून न राहता हातात काही ठेवता येईल का?

सायली (ए-२०३), सकाळी १०.३०
काका, प्रथम जोडणी पूर्ववत करा. फोनचे ब्लूटूथ सुरू आहे आणि दोन्हीकडे विमानाचे चिन्ह बंद आहे याची खात्री करा, मग फोन आणि घड्याळ दोन्ही एकेकदा बंद करून चालू करा. घड्याळाच्या नियंत्रण केंद्रात फोनचे चिन्ह हिरवे झाले की दोघांची भेट झाली असे समजावे. त्यानंतर घड्याळ चार्जरवर ठेवून फोन शेजारी राहू द्या, आणि मगच `Unpair` करा.

वहिनी, हातात ठेवायचे म्हणाल तर गजरांच्या यादीचा फोटो सर्वांत उपयोगी. घड्याळावर स्क्रीनशॉट घेता येतो, पण तो जोडणीमार्फत फोनमध्ये पोहोचतो, म्हणून लाल चिन्ह असताना फोनच्या कॅमेऱ्यानेच घड्याळाचा फोटो काढणे शहाणपणाचे. गजरांचे दोन-तीन फोटो, अ‍ॅपच्या मांडणीचा एक आणि प्रत्येक तबकडीचा एक, एवढे पुरे. तबकडीवर कोणत्या कोपऱ्यात काय ठेवले होते हे आपल्याला आठवते असे वाटते, पण प्रत्यक्षात आठवत नाही.

देशपांडे काका (बी-४०२), सकाळी ११.०५
दोन्ही बंद करून सुरू केल्यावर चिन्ह हिरवे झाले. फोटोही काढले. एवढ्याने घड्याळाचे गोठणे थांबले असेल का?

सायली (ए-२०३), सकाळी ११.१५
शक्य आहे, म्हणून आजचा दिवस वापरून पाहा. रिसेट हा शेवटचा उपाय असावा असे माझे मत आहे. तरीही गोठले तर उद्या करू. पुसून झाल्यावर पुन्हा जोडताना फोन विचारेल तेव्हा `Restore from Backup` निवडा आणि यादीत बॅकअपच्या तारखा नीट वाचून आजचा किंवा उद्याचाच निवडा.

देशपांडे काका (बी-४०२), रविवार, दुपारी ४.२०
घड्याळ काल रात्री पुन्हा गोठले, म्हणून आज सांगितल्याप्रमाणे रिसेट केले. उद्याच्या म्हणजे आजच्याच तारखेचा बॅकअप निवडला. गजर आणि तबकड्या दिसत आहेत, परंतु हवामानाच्या बाहेरच्या अ‍ॅपची जागा तबकडीवर रिकामी आहे, आणि दोन अ‍ॅप मांडणीत सापडत नाहीत. काही हरवले का?

सायली (ए-२०३), दुपारी ४.३६
बहुधा नाही. बॅकअपमध्ये अ‍ॅपची मांडणी आणि सेटिंग्ज असतात, पण बाहेरची अ‍ॅप फोनवरून पुन्हा घड्याळावर उतरावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. ती सर्व येईपर्यंत आपण मांडणीत हात घालू नका, नाहीतर पुढे काय आपोआप आले आणि काय आपण हलवले हे ओळखता येणार नाही. घड्याळ चार्जरवरच राहू द्या. सायंकाळपर्यंत एखादे आले नाही, तर वॉच अ‍ॅपमध्ये खाली त्याच्या नावापुढे `Install` दिसते का ते पाहा. काही अ‍ॅप पुन्हा लॉगिन मागतील.

काही गोष्टी बॅकअपमध्ये मुळातच नसतात. घड्याळाचा पासकोड नवा द्यावा लागतो आणि थेट घड्याळाला ब्लूटूथने जोडलेले हेडफोन किंवा छातीचा पट्टा पुन्हा जोडावा लागतो. आपली पावले आणि हृदयाच्या नोंदी मात्र फोनच्या आरोग्य अ‍ॅपमध्ये आहेत, त्यांना धक्का लागलेला नाही.

शिंदे वहिनी (ए-५०१), दुपारी ४.५०
गजर दिसत आहेत म्हणजे ते वाजतील असेही धरायचे का?

सायली (ए-२०३), सायंकाळी ५.०२
धरू नये, आणि वहिनींनी हे विचारले हे उत्तम झाले. आवाज आणि कंपनाच्या सेटिंग्जही परत येतात, त्यामुळे पूर्वी सायलेंट ठेवलेले घड्याळ आताही सायलेंटच असेल. त्या स्थितीत मनगटावर गजर फक्त थरथरतो, पण चार्जरवर असताना मात्र आवाजाने वाजतो. म्हणून चार्जरवर ठेवून केलेली चाचणी फसवी ठरते. काका, घड्याळ मनगटावर घालून दोन मिनिटांनंतरचा एक गजर लावा आणि तो तुम्हाला जाणवतो का ते पाहा. मग फोटोशी ताडून औषधांचे चारही गजर वेळ, वार आणि चालू-बंद अशा तिन्ही अंगांनी तपासा.

देशपांडे काका (बी-४०२), सायंकाळी ६.४०
दोन्ही अ‍ॅप आली आणि रिकामी जागाही भरली. चाचणीचा गजर मनगटावर स्पष्ट जाणवला. फोटोशी ताडले असता रात्रीचा ८.३० चा गजर यादीत होता, पण बंद होता. तो मीच मागच्या महिन्यात बंद केला होता आणि विसरलो होतो. आता चालू केला आहे.