फॉर्म १६ आणि मुदत ठेवीचं व्याज
"पहिल्यांदाच आयकर रिटर्न भरतोय. कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, पुरेसा आहे ना?"

असं बरेच जण विचारतात; माझीही हीच समजूत होती. दादरच्या आमच्या सीए मॅडमनी ती मोडली, तीही न हसता. आधी आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या आपल्या उत्पन्नाच्या नोंदींचं विवरण, उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यात मुदत ठेवीचं १८,४०० रुपये व्याज होतं, फॉर्म १६ मध्ये ते कुठेच नव्हतं.

"पण बँकेने टीडीएस कापलाच नाही," मी म्हणालो. व्याज ठरावीक मर्यादेच्या आत असलं की बँक टीडीएस कापत नाही, पण म्हणून ते करमुक्त होत नाही, 'इतर उत्पन्ना'त दाखवावंच लागतं, हे त्यांनी समजावलं. मी तेच तीनदा विचारलं (खरंच तीनदा), त्यांनी तीनदा सांगितलं.

रिटर्न भरून झाल्यावर मी उठलो, तर पुन्हा बसवलं. ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही, तर पडताळणीची तारीखच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. आधारचा ओटीपी तिथेच टाकून घेतला.

लोकलमध्ये बसल्या बसल्या त्यांना मेसेज केला: "मॅडम, मनापासून आभार. पुढच्या वर्षी एआयएस मीच डाउनलोड करून आणतो, तुम्ही फक्त तपासा."