ए४ अर्धा केला तर ‘आकार’ बदलतो की नाही?

वहीवाली: एका मजकुरात वाचलं, "ए३ मधोमध कापला की ए४ होतो, पण आकार तोच राहतो". अर्धा कागद झाला तर आकार तोच कसा? शब्द चुकलाय का?

जुना_कंपोझिटर: शब्द चुकला नाही, पण दोन अर्थांचा आहे. आकार म्हणजे ठेवणही आणि मापही, आपण दोन्हीला आकारच म्हणतो. इथे ठेवण तीच राहते, माप बदलतं. ए३ 297 × 420 मिमी, ए४ 210 × 297. लांबीला रुंदीने भागा, दोन्हीकडे साधारण 1.414 येतं. मी तिथे ‘प्रमाण तेच राहतं’ असं लिहिलं असतं.

टिंबटिंब: पण कुठलाही कागद अर्धा केला तरी प्रमाण तेच राहतं ना? मी घड्या घालून बघितलंय, 20 × 30 सेमीचा कागद शेवटी 10 × 15 झाला, म्हणजे दीडपटच.

जुना_कंपोझिटर: तुम्ही दोन घड्या घातल्यात, दोन घड्यांनी कुठलाही आयत मूळ प्रमाणावर येतोच. मधली घडी बघा, 15 × 20, तिथे 1.33 झालं. प्रत्येक घडीला प्रमाण टिकायचं तर लांबी भागिले रुंदी हे रुंदी भागिले अर्धी लांबी याच्याएवढं हवं, म्हणजे लांबीचा वर्ग रुंदीच्या वर्गाच्या दुप्पट. म्हणून दोनाचं वर्गमूळ, दुसरा आकडा चालतच नाही. हातात ए४ असेल तर एक कोपरा असा दुमडा की आखूड बाजू लांब बाजूवर बसेल, जी तिरकी घडी पडते ती कागदाच्या लांब बाजूएवढीच भरते.

वहीवाली: आत्ता दुमडून बघितलं, खरंच भरली!

झेरॉक्सप्रेमी: माझा घोळ इथेच झाला, ए४ वरचं चित्र ए३ वर मोठं करायचं होतं, कागद ‘दुप्पट’ म्हणून 200 टक्के टाकलं आणि अर्धं चित्र कागदाबाहेर गेलं.

जुना_कंपोझिटर: 200 टक्क्यांनी लांबीही दुप्पट आणि रुंदीही, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, तो ए२ झाला, 420 × 594. ए३ साठी 141 टक्के, उलट ए४ वर आणायचं तर 71.

टिंबटिंब: मग ए५ 148 × 210 कसा, 297 चा अर्धा 148.5 होतो की.

जुना_कंपोझिटर: अर्धा मिलिमीटर सोडून देतात. म्हणून ए५ चं प्रमाण 1.419 येतं, डोळ्याला कळत नाही. सुरुवात ए० पासून, 841 × 1189, म्हणजे जवळपास एक चौरस मीटर, तिथून प्रत्येक वेळी निम्मा.

वहीवाली: मग ठेवणीसाठी ‘घाट’ म्हणू का?

झेरॉक्सप्रेमी: घाट भांड्याला शोभतो हो, सपाट कागदाला कसला घाट.

टिंबटिंब: मला तर घाटच आवडला.