‘शेंडे तुझे, मुळं माझी’: शेतकरी-अस्वलाच्या गोष्टीची अ‍ॅनिमेशन संहिता, सल्ला हवा

रानजाई
पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चार मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनची संहिता लिहिते आहे. गोष्ट रशियन लोककथा. शेतकरी सलगम पेरतो, अस्वल अंगावर येतं, तेव्हा तो म्हणतो, "शेंडे तुझे, मुळं माझी." पुढच्या वर्षी अस्वल मुळं मागतं, तर हा गहू पेरतो. निवेदन साडेचारशे शब्दांवर गेलंय, तरी वाचून दाखवलं की अस्वल नेमकं कुठे फसलं ते मुलांना सांगता येत नाही. सलगमऐवजी मुळा घेऊ का?

बांधावरून
मुळाच घ्या. सलगम आपल्या पोरांनी कुठे पाहिलाय? आणि निवेदन अजिबात कापू नका, या वयाला सगळं सांगावंच लागतं.

चित्रचौकट
मुळा मातीतून उपटताना झकास दिसेल, हे खरं. पण मुळ्याच्या पाल्याची भाजी घरोघरी होते. अस्वलाच्या वाट्याला पाला आला की मुलं म्हणणार, "मग काय झालं? भाजी कर!" फसवणूकच उरत नाही. सलगमच ठेवा. माहीत नसला तरी चालतो, दिसला मात्र पाहिजे.

खरी अडचण पिकाची नाहीच. मातीखाली काय आहे हे तुम्ही शब्दांत सांगताय. जमीन कापून दाखवा, केक कापल्यासारखी. चौकटीच्या बरोबर मध्ये मातीची रेघ, वर हिरवा पाला, खाली गोल सलगम. अस्वलाचं तोंड कायम रेघेच्या वर. म्हणजे मुलाला खालचं दिसतं, अस्वलाला दिसत नाही, आणि मूल आधीच खुदखुदायला लागतं. गव्हाच्या वर्षी हीच चौकट, हाच कोन, रेघ त्याच जागी. फक्त वर भरलेल्या ओंब्या आणि खाली दोऱ्यांसारखी मुळं. कोन बदललात तर मुलं दोन्ही वर्षं शेजारी ठेवून पाहू शकत नाहीत.

तो तुकडा असा लिहा:

शॉट 11, 6 सेकंद. कापलेली जमीन. अस्वल पाल्यावरून पंजा फिरवतं.
अस्वल: "शेंडे माझे!"
शॉट 12, 4 सेकंद. तीच चौकट. शेतकरी पाला धरतो, अर्धा सेकंद थांबतो, उपटतो. आवाज: फट्!
निवेदन नाही.

तो अर्धा सेकंद गाळू नका. 25 फ्रेमच्या हिशेबात 12-13 फ्रेम होतात. नजर तिथे पोचायच्या आतच सलगम बाहेर आला तर हसू येत नाही. चार मिनिटांत निवेदन आणि संवाद मिळून अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नका.

आणखी एक. दुसऱ्या वर्षी आधी अस्वलाने "आता मुळं माझी" म्हणायचं, मग शेतकऱ्याने बियाणं काढायचं. क्रम उलटला, गहू आधीच ठरलेला असला, तर शेतकऱ्याची हुशारी जाते आणि अस्वल नुसतं बावळट वाटतं.

शाळेची_घंटा
छान! आमच्या तिसरीत 32 मुलं आहेत. स्नेहसंमेलनात दहा मिनिटांत सगळ्यांना काम मिळेल असं लिहून द्याल का?

चित्रचौकट
घंटाताई, हा धागा अ‍ॅनिमेशनचा आहे, पण कापलेली जमीन रंगमंचावरही जमते. दोघांनी तपकिरी चादर कमरेएवढी ताणून धरायची. मागे मुलं उकिडवी बसलेली, डोक्यावर हिरव्या टोप्या, चादरीवर फक्त टोप्या दिसतात. उपटलं की एकेक उभं राहतं. दहा-बारा जणांची सोय तिथेच होते.

रानजाई
क्रम माझा उलटाच होता! मूळ कथेत rye आहे असं वाचलं होतं, म्हणून ‘राय’ लिहिलं होतं. ते गहू केलं, कारण ‘राई’ ऐकून मुलं मोहरीच समजतील. आता सलगम चाखायचा प्रसंग कापू का? वीस सेकंद वाचतील.

चित्रचौकट
तो कापू नका. शेतकरी सलगम विकायला निघालाय, वाटेत अस्वल एक चाखून बघतं, आणि तिथे त्याला कळतं की गोड भाग खाली होता. हे गेलं तर दुसऱ्या वर्षी ते मुळं का मागतं याला कारणच उरत नाही. वीस सेकंद पेरणीतून काढा. नांगर, पेरणी, पाऊस मिळून तीन शॉट पुष्कळ झाले.

बांधावरून
पाल्याचं पटलं. निवेदन मी तरी इतकं कापलं नसतं. पण शेतकरी सरळसरळ फसवतोय, ते पहिलीच्या मुलांना चालेल? तिसऱ्या वर्षी निम्मं-निम्मं करून टाका.

चित्रचौकट
अस्वल सुरुवातीला "तुझी हाडं मोडीन" म्हणतं, ते ठेवलं तर मुलं शेतकऱ्याच्याच बाजूने असतात. संहितेतून बहुतेकदा तीच धमकी सौम्य केली जाते, आणि मग तो लबाड दिसतो. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत अस्वलाच्या जागी सैतान आहे, तिथे हा प्रश्नच पडत नाही. निम्मं-निम्मं केलंत तर गोष्ट दुसरीच होते.

रानजाई
धमकी परत घातली. शेवट मात्र अडलाय. रशियन कथेत तेव्हापासून दोघांचं वैर. मी सध्या अस्वल गव्हाची मुळं चावत बसलंय एवढ्यावर थांबवते. बांधावरून, तुमचा तिसऱ्या वर्षाचा शेवटही लिहून बघते. दोन्ही मुलांपुढे ठेवून इथे कळवते.