मदत हवी आहे: सुरीची मूठ पात्यापासून सुटतेय

भाजी चिरायची जुनी सुरी आहे. पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड, दोन्ही बाजूंनी सागवानी पट्ट्या, तीन पितळी रिव्हेट. मागचा रिव्हेट ढिला झालाय. तिथं पट्टी नखानं उचलते आणि फटीत गंज दिसतो. लोहारानं ठोकून दिला, थोड्याच दिवसांत पुन्हा हलायला लागली. झटपट चिकटणारा गोंद भांडी घासताना सुटला.

आता तालुक्याहून दोन ट्यूबवालं, सावकाश सुकणारं एपॉक्सी आणलंय. पॉलिश पेपर, स्पिरिट, हँड ड्रिल आहे. क्लॅम्प नाही, सायकलच्या ट्यूबनं आवळीन. पातं फार चांगलं आहे, त्यामुळं नवी सुरी नको.

पुढचे दोन रिव्हेट अजून घट्ट आहेत. तेही ड्रिलनं काढून, पट्ट्या पूर्ण सोडवून, गंज घासूनच एपॉक्सी लावावं, की फक्त मागच्या फटीत भरलं तर आतल्या गंजावर ते धरेल?