वाढदिवस ऐन सणात आला तर शुभेच्छा कधी आणि कशा द्याव्यात?

रेवती: माझ्या जवळच्या मैत्रिणीचा वाढदिवस यंदा ऐन दिवाळीत आलाय. त्या दिवशी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्डचा पूर असतो. मागे असंच झालं तेव्हा तिचं उत्तर आलं, "तुम्हा सर्वांनाही शुभेच्छा!" फोनवर बोलणं त्या दिवशी दोघींनाही जमणार नाही. मेसेज हरवू नये म्हणून काय करावं?

अनिरुद्ध: नवा मेसेज आला की ती चॅट वर चढते आणि आधीच्या खाली सरकतात. सणाच्या सकाळी पाठवलेलं तासाभरात कुठल्या कुठे जातं. शिवाय न उघडता दिसते ती मजकुराची सुरुवात तेवढी. ती "दिवाळीच्या आणि..." अशी असली की पुढे वाढदिवस आहे हे कळणार कसं? नुसतं चित्र पाठवलंत तर तेही नाही, यादीत नुसतं 'फोटो' दिसतं.

म्हणून आधी तिचं नाव, लगेच वाढदिवस. सणाचं अवाक्षर नको, त्याच्या शुभेच्छा वेगळ्या द्या. मग दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही असं एखादं वाक्य, आणि शेवटी असा प्रश्न की ज्याला "तुलाही" हे उत्तर बसत नाही. उदाहरणार्थ:

"मनू, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! परीक्षेच्या आदल्या रात्री तू फोनवर समजावलेला तो धडा मला अजून आठवतो. पोहायला शिकतेयस ना, पाण्यात डोकं घालायची भीती गेली का?"

वेळ दुपारची ठेवा. सकाळची लाट तोवर ओसरते.

सुलभा: दुपार कसली? रात्री बाराच्या ठोक्याला पाठवायचा. पहिला मेसेज कुणीच विसरत नाही. आणि फॉरवर्ड केलेल्यावर तशी खूण येतेच, त्यामुळे हाताने लिहिलेला आपोआप उठून दिसतो.

अनिरुद्ध: खूण 2018 पासून येते हे खरं, पण मजकूर कॉपी करून चिकटवला की ती येत नाही. सणाचे निम्मे संदेश तसेच फिरत असतील. खूण नाही म्हणून मेसेज आपला लिहिलेला, असं कुणी समजत नाही. ते मजकुरावरूनच कळतं. बाराचं म्हणाल तर ती जागी असली तर ठीक. झोपली असेल तर सकाळी तो सगळ्यात तळाशी सापडेल.

देवदत्त: एवढी चिंता कशाला? दिवाळी तिथीची, वाढदिवस तारखेचा. पुढच्या वर्षी दिवाळी साधारण अकरा दिवस अलीकडे येईल, किंवा मध्ये अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जाईल. दोन्ही पुन्हा जुळायला सहसा 19 वर्षं लागतात. 2006 मध्ये दिवाळी 21 ऑक्टोबरच्या सुमारास होती, 2025 मध्येही तेव्हाच.

प्राजक्ता: तिची सुटका होईल, माझी नाही. माझा वाढदिवस 25 डिसेंबरला, दर वर्षी नाताळातच. त्यामुळे अनुभवाने सांगते, त्या दिवशी घर भरलेलं असतं. चांगला मेसेजही मी उभ्या उभ्या वाचते, हात जोडल्याचं चिन्ह टाकते आणि पुढे जाते. निवांत वाचते तो आदल्या संध्याकाळी आलेला, आणि त्याला सविस्तर उत्तरही देते. नाताळ आणि वाढदिवस एका ओळीत उरकलेले मात्र मला खरंच लागतात. आपला दिवस कुणीतरी जोडकामात काढला असं वाटतं.

सुलभा: आदल्या दिवशी? तारीख नीट लक्षात नाही असंच वाटेल. काही घरांत तर आगाऊ शुभेच्छा चालतही नाहीत.

प्राजक्ता: पहिल्याच ओळीत सांगायचं ना: "उद्या तुला श्वास घ्यायला वेळ नसेल, म्हणून आजच." मग विसरल्याची शंका राहत नाही. घरी चालत नसेल तर मात्र दुसऱ्या दिवशी पाठवा. तेव्हा फोन शांत असतो, पण उशीर झाल्यासारखं वाटू नये म्हणून वाढदिवसाला एक छोटी ओळ हवीच.

देवदत्त: सरळ फोन करावा. दोन मिनिटं कुणालाही मिळतात.

रेवती: देवदत्त, फोन जमणार नाही हे वर लिहिलंय. प्राजक्ताचं मला पटतंय, मैत्रिणीच्या घरीही त्या दिवशी तशीच गर्दी असते. आदल्या संध्याकाळी पाठवते, अनिरुद्ध यांनी सांगितलं तसा, शेवटी प्रश्न ठेवून.

अनिरुद्ध: चालेल. फक्त त्याआधी ग्रुपमध्ये शुभेच्छा देऊ नका. एकाने दिल्या की बाकीचे तोच मजकूर उचलतात आणि तुमचं वाक्य वीस जणांचं होतं.

सुलभा: मला अजून पटलेलं नाही. आदल्या दिवशी कितीही सुंदर लिहिलं तरी वाढदिवसाच्या दिवशी तुमच्याकडून काही आलं नाही तर ती वाट बघेल. दुपारी एक ओळ टाकाच.